एकास शंभर: नकाशा कागदावर मापात उतरवताना

प्रिंटरमधून बाहेर आलेला घराचा नकाशा चुकीच्या मापात आहे, हे नुसते पाहून कळत नाही. रेषा सरळ असतात, अक्षरे सुबक असतात, कोपऱ्यातल्या चौकटीत ‘प्रमाण १:१००’ असे लिहिलेलेही असते. पट्टी लावली की मात्र दहा मीटरची भिंत कागदावर १०० मिलिमीटर भरण्याऐवजी ९८.३ मिलिमीटर भरते. दोन मिलिमीटरांहूनही कमी फरक. पण १:१०० मध्ये कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवरचे दहा सेंटिमीटर. त्या भिंतीचे सतरा सेंटिमीटर कुठेतरी गळून गेलेले असतात.

जुन्या पद्धतीत ही अडचण फारशी नव्हती. नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईने काढला जाई आणि त्याच्या अमोनिया प्रिंट निघत. ट्रेसिंग पेपर आणि रसायन लावलेला कागद एकमेकांना चिकटून यंत्रातून जात, प्रकाश एकातून दुसऱ्यावर पडे. मूळ जेवढे तेवढीच प्रत. लहान-मोठे करण्याची सोयच त्या यंत्रात नव्हती, त्यामुळे माप आपोआप सांभाळले जाई. आज त्याच प्रतींना सवयीने ‘ब्ल्यूप्रिंट’ म्हटले जात असले, तरी त्या निघतात संगणकाला जोडलेल्या मोठ्या इंकजेट प्रिंटरवर. बाजारात सगळे त्याला प्लॉटर म्हणतात. संगणक आणि कागद यांच्या मध्ये आता तीन-चार जागा अशा आहेत, जिथे कोणीही न सांगता नकाशा थोडा लहान होऊ शकतो. शिवाय कागद रोलमधून येतो, म्हणजे तो यंत्रात कसा बसवला यावरही माप अवलंबून असते.

मापाचा नकाशा काढणे म्हणजे या दोन गोष्टी सांभाळणे: रोल नीट लावणे आणि प्रमाण नीट ठरवणे. चूक झाली तर ती या दोहोंपैकी कुठे झाली, हे कागदच सांगतो. फक्त तो दोन दिशांनी मोजायला हवा.

एका बंगल्याचे उदाहरण

एक साधा बंगला घेऊ. बाहेरून बाहेर १२.६० मीटर लांब आणि ९.४० मीटर रुंद, एका बाजूला ३ मीटर सामासिक अंतर. १:१०० प्रमाणात हा बंगला कागदावर १२६ मिमी × ९४ मिमी होतो आणि सामासिक अंतर ३० मिमी. बांधकामासाठी मोठा नकाशा हवा असेल तर १:५० घेतात, मग तोच बंगला २५२ मिमी × १८८ मिमी होतो. तळमजला, पहिला मजला, दर्शनी भाग आणि छेद असे सगळे एकत्र मांडायचे तर ए-१ आकाराचा कागद पुरतो. ए-१ म्हणजे ५९४ मिमी × ८४१ मिमी.

आता समजा हा ए-१ नकाशा छापताना प्रिंटरने चारही बाजूंना पाच-पाच मिमीची कोरी कड सोडली आणि बाकीच्या जागेत तो ‘बसवला’. ५९४ मिमीच्या बाजूला छापायला ५८४ मिमी उरतात. ५८४ भागिले ५९४ म्हणजे ०.९८३. सगळा नकाशा ९८.३ टक्क्यांवर आला. बंगला १२६ ऐवजी १२३.९ मिमी आणि ९४ ऐवजी ९२.४ मिमी. १:१०० च्या पट्टीने वाचणाऱ्याला तो १२.३९ मीटर × ९.२४ मीटर दिसणार. मूळ क्षेत्रफळ ११८.४४ चौरस मीटर, पट्टीने काढलेले साधारण ११४.५. लांबीत पावणेदोन टक्के कमी, पण क्षेत्रफळात साडेतीन टक्क्यांच्या जवळपास, कारण चूक दोन्ही बाजूंनी गुणली जाते. एका छोट्या न्हाणीघराएवढी, सुमारे चार चौरस मीटर जागा नाहीशी झाली.

सामासिक अंतराचे तर आणखी वाईट. ३० मिमीच्या जागी साडेएकोणतीस मिमी, म्हणजे २.९५ मीटर. नियम तीन मीटरचा असेल आणि तपासणारा पट्टी लावून बघत असेल, तर मुळात नियमात बसणारे घर कागदावर नियमाबाहेर जाते.

कोणता रोल?

वरची चूक संगणकावर झालेली दिसत असली, तरी तिचे मूळ अनेकदा रोलच्या रुंदीत असते. म्हणून आधी रोल.

नकाशाच्या प्लॉटरमध्ये सर्वांत जास्त दिसणारे रोल २४ इंची आणि ३६ इंची, म्हणजे ६१० मिमी आणि ९१४ मिमी रुंदीचे. याशिवाय ए-१ च्या नेमक्या रुंदीचा, ५९४ मिमीचाही रोल मिळतो. नवशिक्याला वाटते की ए-१ काढायचा तर ५९४ चा रोलच बरोबर, कापाकापी नको. प्रत्यक्षात मापाचा नकाशा हवा असेल तर ६१० चा रोल अधिक सोयीचा. प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही, दोन्ही बाजूंना थोडी कड सोडावीच लागते. आपल्या उदाहरणातली पाच मिमीची कड धरली तर ५९४ च्या रोलवर ५८४ मिमीच छापता येतात. मग नकाशाची बाहेरची चौकट एकतर कापली जाते किंवा सगळा नकाशा आकसतो. ६१० च्या रोलवर कड सोडूनही ६०० मिमी उरतात. त्यात ५९४ चा पूर्ण ए-१ आरामात मावतो आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ मिमी जास्तीचा कागद राहतो. तो नंतर कटरने काढून टाकायचा.

ज्यांच्याकडे ५९४ चाच रोल आहे, त्यांनी नकाशाची चौकट कागदाच्या कडेपासून दहा-बारा मिमी आत काढावी. मग कोऱ्या कडेत काही सापडत नाही आणि आकसवण्याचे कारणच उरत नाही.

लांबीच्या दिशेने ही अडचण नसते. रोल हवा तेवढा पुढे सरकवता येतो, म्हणून ८४१ मिमीची बाजू रोलच्या लांबीत ठेवली तर प्रिंटर वरखाली कड सोडून सुमारे ८५१ मिमीवर कागद कापतो. ४५ मीटरच्या रोलमधून असे पन्नासेक नकाशे निघतात. ३६ इंची रोल असेल तर नकाशा आडवा फिरवून ८४१ ची बाजू रुंदीत टाकता येते. लांबीत मग साधारण सहाशे मिमीच लागतात, पण रुंदीतली सत्तर मिमीची पट्टी वाया जाते.

रोल लावताना

प्लॉटरच्या मागच्या किंवा वरच्या बाजूला एक दांडा असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. त्याच्या एका टोकाला पक्का थांबा आणि दुसऱ्या टोकाला काढता येणारी टोपी. रोल गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी साधारणपणे दोन किंवा तीन इंच व्यासाची असते. दांडा दोन इंचांचा आणि नळी तीन इंचांची असेल तर मध्ये जोडपट्ट्या बसवाव्या लागतात. त्या विसरल्या तर रोल दांड्यावर डुगडुगतो, दर फेरीला कागद कधी ताणला जातो तर कधी सैल पडतो.

दांडा बाहेर काढून टेबलावर ठेवावा, टोपी काढावी आणि रोल आत सरकवावा. इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोल पक्क्या थांब्याला पूर्ण टेकला पाहिजे. दोन मिमीची फट राहिली तरी ऑपरेटरला ती जाणवत नाही, पण छापताना रोल त्या फटीत हळूहळू सरकतो आणि कागद तिरका होत जातो. दुसरी टोपीही रोलच्या कडेला घट्ट लागेपर्यंत दाबावी. रोल आधीच एका बाजूने दुर्बिणीसारखा बाहेर आला असेल, म्हणजे थर एकावर एक न बसता पुढेमागे सरकले असतील, तर टेबलावर उभा ठोकून कडा सरळ कराव्यात.

मग रोलच्या फिरण्याची दिशा. बहुतेक साध्या नकाशा-कागदांत छापायची बाजू बाहेर असते आणि कागद रोलच्या वरून पुढे येतो, पण प्रत्येक यंत्रावर हे चित्राने दाखवलेले असते. ते एकदा बघून घ्यावे. दांडा उलटा बसवला तर आतली बाजू वर येते; साध्या कागदावर फारसा फरक पडत नाही, पण लेपाच्या कागदावर किंवा फिल्मवर शाई नीट धरत नाही.

नव्या रोलचे पहिले टोक चिकटपट्टीने लावलेले असते. ती पट्टी काढताना गोंद लागलेला भाग कात्रीने पूर्ण कापून टाकावा. तोच भाग आत गेला तर गोंद रबरी रोलरला लागतो आणि पुढचे सगळे कागद तिथे अडखळतात. कापताना कड शक्य तितकी सरळ ठेवावी, कारण पुढे यंत्र तिरपेपणा तपासते तेव्हा हीच कड आणि बाजूची कड पाहते.

आता टोक फटीत घालायचे. दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, कागद ताणलेला ठेवून तो आत ढकलला की यंत्र तो पकडते. पकडल्यावर ओढू नये. यंत्र कागद थोडा पुढेमागे करून तिरका आहे का ते पाहते, वाकडी कड कापून टाकते किंवा पुन्हा लावायला सांगते. काही लोक हा संदेश कंटाळून मागे टाकतात. एक मीटर लांबीत दोन-तीन मिमीचा तिरपेपणा छोट्या प्रिंटला चालून जातो, पण सलग दहा नकाशे काढायचे असतील तर रोल दर नकाशाला आणखी सरकतो आणि शेवटी कड चुरगळते.

यानंतर यंत्र विचारते: कागद कोणता? साधा बाँड, लेपाचा, ट्रेसिंग की फिल्म? हा प्रश्न शाईपुरता आहे असे समजून बरेच जण जे आधी निवडलेले असेल तेच पुढे ढकलतात. पण या उत्तरावर कागद किती पुढे सरकवायचा हेही ठरते. यंत्रात छापणारे शीर्ष रुंदीत इकडून तिकडे फिरते आणि एक पट्टा छापून झाला की रबरी रोलर कागद नेमका एका पट्ट्याइतका पुढे नेतो. जाड, गुळगुळीत किंवा निसरड्या कागदावर रोलर किती सरकवतो, यात सूक्ष्म फरक पडतो. प्रत्येक प्रकारासाठी यंत्रात वेगळी दुरुस्ती साठवलेली असते. ८० ग्रॅमचा साधा कागद लावून ‘फिल्म’ निवडले तर रुंदीत माप बरोबर येते, लांबीत मात्र एक-दोन मिमीचा फरक पडू शकतो. पट्ट्यांच्या सांध्यावर बारीक पांढऱ्या किंवा गडद रेषा दिसणे ही त्याची खूण.

प्रमाण ठरवताना

रोल बसला. आता संगणक. आपल्याकडे बहुतेक नकाशे ऑटोकॅडमध्ये निघतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

पहिला प्रश्न असा की नकाशा काढताना एक एकक म्हणजे काय धरले होते? मिलिमीटर, मीटर की इंच? ऑटोकॅडला ते ठाऊक नसते, त्याला फक्त आकडे ठाऊक असतात. १२.६० मीटरची भिंत कोणी 12600 अशी काढतो, कोणी 12.6. छापायच्या चौकटीत १:१०० साठी मिलिमीटरचा नकाशा असेल तर कागदावरचा 1 mm बरोबर 100 एकके लिहायचे. नकाशा मीटरमध्ये असेल तर 1 mm बरोबर 0.1 एकक. मीटरच्या नकाशाला चुकून 100 लिहिले तर प्रमाण एकास एक लाख होते आणि आख्खा बंगला कागदावर मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा ठिपका होतो. ही चूक निदान लगेच दिसते. धोकादायक चुका थोड्याशा फरकाच्या असतात.

दुसरी आणि बरी पद्धत लेआऊटची. तिथे कागद खऱ्या मापाचा मांडलेला असतो, ए-१ म्हणजे ८४१ × ५९४, आणि नकाशा एका खिडकीतून त्यावर दिसतो. त्या खिडकीला व्ह्यूपोर्ट म्हणतात. प्रमाण व्ह्यूपोर्टला द्यायचे, कागदाला नाही. नकाशा मिलिमीटरमध्ये असेल तर व्ह्यूपोर्टमध्ये जाऊन:

```
ZOOM
1/100XP
```

नकाशा मीटरमध्ये असेल तर 10XP, कारण एक मीटर कागदावर दहा मिलिमीटर व्हायला हवा. प्रमाण दिले की व्ह्यूपोर्टच्या गुणधर्मांत Display locked ला Yes करावे. नाहीतर कोणी त्यात जाऊन माऊसचे चाक फिरवले की प्रमाण बदलते. चित्र तसेच दिसते, चौकटीत १:१०० तसेच राहते, पण नकाशा १:१०३ झालेला असतो.

लेआऊट छापताना मग प्रमाण नेहमी 1:1, कारण कागद आधीच खऱ्या मापाचा आहे. Fit to paper या शब्दांपुढची खूण काढलेली असावी. वर बंगल्याचे चार चौरस मीटर याच खुणेने गिळले होते.

पीडीएफ काढून ती प्रिंटवाल्याकडे नेली की तीच चूक पुन्हा होण्याची दुसरी जागा येते. ॲक्रोबॅटच्या छपाईच्या चौकटीत Fit, Actual size आणि Shrink oversized pages असे पर्याय असतात. नकाशासाठी फक्त Actual size. Shrink oversized pages हा पर्याय सगळ्यांत फसवा, कारण लहान पान तो तसेच ठेवतो आणि कडेला टेकणारे मोठे पान मात्र गुपचूप आकसवतो. त्याच्या खाली प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही ‘पानात बसवा’ असा पर्याय असू शकतो. एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक असली, तरी निकाल चुकीचाच. काम सुरू करण्याआधी पीडीएफचे पान किती मापाचे आहे हेही बघून घ्यावे. ते ८४१ × ५९४ नसेल, तर चूक आधीच, पीडीएफ काढताना झालेली आहे, प्रिंटवाल्याची नाही.

व्हॉट्सॲपवर नकाशा पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवावी. फोटो म्हणून पाठवलेल्या नकाशाला पानाचे माप उरत नाही आणि तो किती मोठा छापावा हे कोणीच सांगू शकत नाही.

फूट-इंचात काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. एक अष्टमांश इंचाला एक फूट हे प्रमाण म्हणजे १:९६, १:१०० नव्हे. दोन्ही जवळचे दिसतात म्हणून गफलत होते. ३० फुटांची भिंत त्या प्रमाणात पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिमी निघते. तिला १:१०० ची पट्टी लावली तर ९.५२ मीटर वाचले जाते, म्हणजे सव्वाएकतीस फूट. छपाई निर्दोष, पट्टी चुकीची.

दोन दिशांनी मोजा

आता पडताळणी. ती करायला नकाशाच लागतो असे नाही. ऑटोकॅडमध्ये खऱ्या कागदी मापात ४५० मिमी रुंद आणि ६०० मिमी लांब असा एक आयत काढावा, त्याचा एक कर्ण काढावा आणि ए-१ च्या पानावर 1:1 ने छापावा. ६०० ची बाजू रोलच्या लांबीत येईल असा तो ठेवावा. पायाची आखणी करताना गवंडी तीन-चार-पाचने काटकोन बघतो, तेच इथे. बाजू ४५० आणि ६००, तर कर्ण बरोबर ७५० यायला हवा. प्लास्टिकची शाळेतली पट्टी इथे चालणार नाही. पोलादी पट्टी किंवा चांगली टेप लागते.

किती फरक चालेल? चांगल्या नकाशा-प्लॉटरचे उत्पादक रेषेच्या लांबीत साधारण ०.१ टक्क्याची अचूकता सांगतात, तीही ठरावीक तापमान आणि आर्द्रतेत, खास फिल्मवर. ६०० मिमीला तो फरक ०.६ मिमी होतो. साध्या कागदावर याच्या थोडे इकडेतिकडे आले तर समाधान मानावे.

मापे बरोबर नसतील तर पुढचा शोध सोपा होतो.

दोन्ही दिशांनी सारख्याच प्रमाणात कमी असेल, समजा ४५० चे ४४२.४ आणि ६०० चे ५९० आले, तर रोलकडे बघायची गरज नाही. दोन्ही ९८.३ टक्के आहेत. कुठेतरी ‘बसवा’ राहिले आहे. ऑटोकॅड, पीडीएफ वाचक आणि प्रिंटरची सेटिंग या तीन जागा त्याच क्रमाने तपासाव्यात.

रुंदी बरोबर, पण ६०० चे ५९८ किंवा ६०२ आले, तर संगणक निर्दोष आहे. कागदाच्या सरकण्यात गडबड आहे. कागदाचा प्रकार बरोबर निवडला आहे का ते पाहावे, रोल घट्ट बसला आहे का ते पाहावे, मग यंत्राच्या मेनूमधली कागद सरकण्याची दुरुस्ती चालवावी. यंत्र ठरावीक रेघोट्या छापून त्यावरून सरकण्याचे माप सुधारते. कुठल्या मॉडेलवर ती आपोआप होते, कुठल्यावर छापलेली रेघ मोजून आकडा भरावा लागतो. नवीन जातीचा कागद आणला की ही दुरुस्ती करून ठेवलेली बरी.

लांबी बरोबर आणि फक्त रुंदी चुकली, असे फार क्वचित होते. रुंदीत शीर्ष कुठे आहे हे ते एका बारीक खुणांच्या पारदर्शक पट्टीवरून ओळखते; ती शाईने किंवा धुळीने माखली तर इथे बिघाड दिसतो. पण पावसाळ्यात आणखी एक कारण असते, खुद्द कागद. कागदाचे तंतू रोलच्या लांबीच्या दिशेने पसरलेले असतात आणि ओलावा शोषला की तंतू लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात. म्हणून ओलसर हवेत कागद रुंदीला जास्त वाढतो, लांबीला कमी. जुलैत कोकणातल्या खोलीत उघडा ठेवलेला रोल छापताना एका मापाचा असतो आणि नकाशा एसीच्या खोलीत दिवसभर पडला की थोड्या वेगळ्या मापाचा होतो. फरक टक्क्याच्या अगदी छोट्या अंशाचा, पण पाचशे-सहाशे मिमीवर पट्टीला जाणवेल एवढा. उपाय साधा आहे: रोल प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा, वापरण्याआधी एक दिवस प्लॉटरच्याच खोलीत राहू द्यावा, आणि मोजणी छपाईनंतर लगेच न करता शाई वाळल्यावर करावी. ओल्या शाईनेही कागद फुगतो.

दोन्ही बाजू बरोबर, पण कर्ण ७५० ऐवजी ७५१ आला आणि दुसरा कर्ण मोजला तर तो ७४९, तर आयताचा समांतरभुज झालेला आहे. छपाई चालू असताना कागद बाजूला सरकला. नकाशाच्या चौकटीपासून कागदाची कड वरच्या टोकाला आठ मिमी आणि खालच्या टोकाला अकरा मिमी दिसत असेल, तर पुष्टी झाली. दांडा काढा, रोल थांब्याला टेकवा, पुन्हा लावा.

लहान प्रती आणि मापनपट्टी

ए-१ नकाशाची ए-३ वर लहान प्रत काढायची वेळ प्रत्येक कामावर येते, मोटारसायकलवरून साइटवर न्यायला तीच सोयीची. ए-३ ची प्रत्येक बाजू ए-१ च्या बरोबर निम्मी असते, म्हणून ५० टक्क्यांवर काढलेली प्रत १:१०० वरून नीट १:२०० होते आणि पट्टीने वाचता येते. ए-२ वर मात्र ती १:१४१ च्या आसपास जाते. अशी पट्टी कोणाकडे नसते.

यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे नकाशावर काढलेली मापनपट्टी. शून्य, एक, दोन, पाच, दहा मीटर असे खुणा केलेली एक रेघ. कागद आकसला, वाढला किंवा प्रत निम्मी झाली तरी ती रेघही त्याच प्रमाणात बदलते, आणि कागदाच्या तुकड्यावर तिची खूण घेऊन कोणीही अंतर मोजू शकतो. ‘प्रमाण १:१००’ हे शब्द प्रत लहान झाली की खोटे होतात, मापनपट्टी होत नाही. दोन्ही लिहावीत, आणि शब्दांपुढे ‘ए-१ वर’ एवढेही जोडावे.

पण मापात छापलेल्या नकाशावरूनही घर बांधायचे नसते. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाचता येत नाही, आणि १:१०० मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे पाच सेंटिमीटर. भिंतीची जाडी, दरवाज्याची रुंदी, पायऱ्यांची उंची यांसाठी नकाशावर लिहिलेला आकडाच अंतिम. पट्टी कामी येते ती जिथे आकडा नाही तिथे: फरशीचे क्षेत्रफळ काढताना, एखाद्या कपाटाची जागा अंदाजताना, मंजुरीच्या छाननीत. आकडा आणि पट्टी जुळत नसतील तर आकड्यावर विश्वास ठेवावा आणि नकाशा काढणाऱ्याला फोन करावा.

घर बांधणाऱ्या प्रत्येकाने प्रिंटच्या दुकानातून नकाशांचा गठ्ठा उचलण्याआधी एवढे करावे. पहिल्या नकाशावर आकडा लिहिलेली एक आडवी आणि एक उभी भिंत निवडावी आणि काउंटरवरच पट्टी लावावी. दोन्ही जुळल्या तर गठ्ठा घ्यावा. जुळल्या नाहीत तर उरलेले नकाशे काढू देऊ नयेत.